तांबे वाकते, मीठ फुटते

नाशिकच्या भांडी बाजाराच्या परिसरात तांबट मंडळी परंपरेने तांब्याचा सपाट पत्रा ठोकून ठोकून त्याचा हंडा किंवा घंगाळ घडवत आली आहेत. असंख्य ठोके खाऊनही तो पत्रा फुटत नाही. तसाच एक ठोका खडेमिठाच्या मोठ्या खड्यावर घातला तर त्याचे तुकडे उडतात, आणि भिंगातून पाहिले तर त्या तुकड्यांच्या गुळगुळीत बाजू एकमेकींशी काटकोन करताना दिसतात. तांबे आणि मीठ हे दोन्ही स्फटिकच आहेत, दोहोंतही अणू किंवा आयन शिस्तीत रचलेले असतात; तरीही एक आकार बदलते आणि दुसरे दुभंगते.

आधी तांब्याचा विचार करू. पत्र्याचा आकार कायमचा बदलायचा, तर अणूंच्या एका थराने खालच्या थरावरून सरकले पाहिजे. संपूर्ण थर एकदम सरकतो असे मानले, तर त्यासाठी किती ताण लागेल, याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी 1926 मध्ये मांडला. त्या हिशेबाने तांब्यासाठी सुमारे 7,000 मेगापास्कल इतके उत्तर येते, आणि गणित अधिक बारकाईने केले तरी ते हजाराच्या खाली जात नाही. प्रत्यक्षात मात्र शुद्ध तांब्याचा एकसंध मऊ स्फटिक एक मेगापास्कलच्या आसपासच सरकू लागतो. हजारो पटींची ही तफावत म्हणजे हिशेबातली किरकोळ चूक नव्हे. थर एकदम सरकतो हे गृहीतकच चुकीचे होते.

1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. स्फटिकात अणूंची एखादी उभी प्रतल अर्ध्यावरच संपलेली असते आणि तिच्या खालच्या कडेपाशी रचना विस्कटलेली असते. ही कडेची रेषा म्हणजे एज डिसलोकेशन. ताण पडला की त्या कडेजवळच्या अणूंचे बंध तेवढे तुटतात आणि शेजारच्या अर्ध्या प्रतलीशी नव्याने जुळतात, त्यामुळे विस्कटलेली रेषा एक घर पुढे जाते. ती स्फटिकाच्या टोकाला पोहोचली की वरचा भाग खालच्या भागावरून एका अणूच्या अंतराइतका, म्हणजे तांब्यात 0.256 नॅनोमीटर, सरकलेला असतो. एका वेळी रेषेलगतचेच बंध बदलत असल्याने थोडा ताण पुरतो. पाच वर्षांनी बर्गर्स यांनी दुसरा प्रकार मांडला: स्क्रू डिसलोकेशन. त्यात जास्तीची प्रतल नसते; रेषेभोवती अणूंचे थर गोल जिन्यासारखे चढत जातात. एजची रेषा थर सरकण्याच्या दिशेने पुढे जाते, तर स्क्रूची रेषा त्या दिशेला काटकोनात जाते. वाटेत अडथळा आला तर स्क्रू डिसलोकेशन शेजारच्या दुसऱ्या प्रतलीवर वळू शकते, एजला ते सहजी जमत नाही.

तांब्यात या रेषांना वाटा भरपूर असतात. अणूंना बांधणारे इलेक्ट्रॉन साऱ्या धातूत सामायिक असल्यामुळे कोणता अणू कोणाशेजारी आला याने फारसे बिघडत नाही; शिवाय दाट रचलेल्या प्रतलींच्या चार दिशा आणि प्रत्येकीवर सरकण्याच्या तीन दिशा मिळून बारा मार्ग मोकळे असतात. ठोकताना डिसलोकेशनची संख्या प्रचंड वाढते, त्या एकमेकींत अडकतात आणि पत्रा कडक होतो. अनुभवी कारागिराला हे हाताखाली कळते. तो पत्रा तापवून पुन्हा मऊ करून घेतो. त्या उष्णतेत जुन्या गुंतागुंतीच्या जागी कमी दोषांचे नवे कण, म्हणजे पत्रा ज्यांचा बनलेला असतो ते छोटे स्फटिक, वाढतात. ही पायरी गाळली आणि ठोकणे चालूच ठेवले, तर तांब्यालाही तडे जातात.

मिठाबाबत नेहमी सांगितले जाते की थर सरकला की सोडियमसमोर सोडियम आणि क्लोरीनसमोर क्लोरीन येतो, सजातीय भार एकमेकांना ढकलतात आणि स्फटिक फुटतो. हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. घनाच्या बाजूंना समांतर प्रतलींवर सरकताना सजातीय आयन खरोखरच जवळ येतात, म्हणून तो मार्ग कठीण आहे. कर्णाच्या दिशेच्या प्रतलींवर मात्र ही अडचण बरीच कमी असते, आणि तेथे मिठातही डिसलोकेशन चालतात. पण असे मार्ग सहाच, आणि त्यांतले एकमेकांवर अवलंबून नसलेले फक्त दोन. अनेक कणांच्या तुकड्यातील प्रत्येक कणाला शेजाऱ्यांशी जुळवून घेत हवा तो आकार घ्यायचा, तर पाच लागतात. मार्ग संपले की डिसलोकेशन कणांच्या सीमेवर साचतात आणि तेथेच फट उघडते.

एकाच स्फटिकाच्या खड्याला शेजारी कण नसतात, तरी तोही फुटतो. तांब्यात तड्याच्या टोकापाशी डिसलोकेशन सुटतात आणि टोक बोथट होते. मिठात हे पुरेसे होत नाही, टोक धारदारच राहते आणि तडा घनाच्या बाजूला समांतर सरळ धावतो. म्हणूनच भिंगाखाली काटकोन दिसतात. पृष्ठभागावरच्या बारीक तड्यांचा यात मोठा वाटा आहे, हे योफे आणि सहकाऱ्यांच्या 1924 च्या प्रयोगांतून पुढे आले: कोरडा असताना मोडणारा मिठाचा स्फटिक कोमट पाण्यात धरून वाकवला तर वाकतो, कारण पाणी वरचा तडे असलेला थर विरघळवून टाकते आणि आतल्या डिसलोकेशनना काम करायला अवसर मिळतो.