पार्श्वभूमी : केलें, केले, केलं आणि पात्रांचे आवाज

हस्तलिखिताच्या समासात 'सगळे सारखेच बोलतात' असा शेरा आला की लेखक बहुतेक वेळा पहिली दुरुस्ती क्रियापदांच्या शेवटांवर करतो. 'सांगितले'चे 'सांगितलं' होते, 'कुठे'चे 'कुठं' होते आणि पान एकदम मोकळे वाटू लागते. पात्रे मात्र अजूनही एकसारखीच बोलत असतात. आधी ती सगळी पुस्तकी बोलत होती, आता सगळी घरगुती बोलतात, एवढाच फरक पडतो. या सवयीचा माग काढत गेले की आपण लेखननियमांतल्या एका टिंबापाशी येऊन थांबतो.

त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण इथे त्याचा एकच धागा उपयोगाचा. संस्कृत नाटकांत राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलत, स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलत, आणि कोणी कोणती प्राकृत बोलावी हे नाट्यशास्त्राने घालून दिले होते. म्हणजे भाषा दर्जाप्रमाणे वाटलेली होती. दोन दासी रंगमंचावर आल्या तर त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या बोलतीलच असे नव्हते. अपवाद म्हणून 'मृच्छकटिक' या प्रसिद्ध नाटकातला राजाचा मेव्हणा आठवतो. त्याच्या तोंडी 'स'चा 'श' होतो, ते त्याच्या प्राकृताचेच लक्षण म्हणता येईल. पण रावणाच्या तावडीत कुंती सापडावी तशी तू सापडली आहेस, असे तो नायिकेला ऐकवतो, तेव्हा ती चूक फक्त त्याची असते. अर्धवट ऐकलेल्या कथांचा तोरा मिरवणारा माणूस त्या एका वाक्यात उभा राहतो. पुढे छापील आवृत्त्यांत प्राकृत वाक्यांखाली संस्कृत छाया, म्हणजे त्याच वाक्याचे संस्कृत रूपांतर, देण्याची पद्धत रुळली आणि अनेक वाचक फक्त छायाच वाचू लागले. छायेत राणी आणि द्वारपाल एकाच शुद्ध भाषेत बोलतात.

मराठी रंगभूमीच्या सुरुवातीला, १८४३ नंतरच्या काही दशकांत, सूत्रधार पदे म्हणे आणि नट आपापली भाषणे आयत्या वेळी रचत. ती लिहिलेली नसत, त्यामुळे निदान बोलण्याची ढब तरी ज्याची त्याची असे. मग संहिता आधी लिहून, छापून, पाठ करून करायची नाटके आली. त्यांना 'बुकिश' म्हणत. त्या शब्दात संवादाची बांधणी लेखकाच्या हाती गेल्याची नोंद आहे, आणि माझ्या मते सपाटपणाची आपल्याला ओळखीची अडचण तिथूनच सुरू होते.

आता टिंबाकडे. जुन्या लेखनात 'काम केलें', 'असें झालें' असे लिहीत, मात्रा आणि वर अनुस्वार. १९६२ साली मान्य झालेल्या १४ नियमांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार काढून टाकले. (१९७२ मध्ये आणखी ४ नियम आले आणि ते १८ झाले.) 'केलें'चे 'केले' झाले. पण बोलताना सहसा कोणी 'काम केले' म्हणत नाही, 'काम केलं' म्हणतो. मग या रूपाचे काय करायचे? नियमाने तडजोड केली. पात्राच्या तोंडी स्वाभाविक म्हणून अनुस्वाराचे रूप चालेल, एरवी एकारान्त लिहावे.

या तडजोडीवर वाद झाला तो मुख्यतः निवेदनाच्या बाजूने. बोलतो तसेच सगळीकडे का लिहू नये, असे एका पक्षाचे म्हणणे. लिखित भाषेला स्वतःची ठेवण असते, ती मोडू नये, असे दुसऱ्याचे. पहिल्या पक्षाकडे एक बळकट मुद्दा होता, तो फारसा पुढे आला नाही. 'केले' हे रूप आता दोन कामे करते. 'काम केले' यात ते नपुंसकलिंगी एकवचन, 'प्रयत्न केले' यात पुल्लिंगी अनेकवचन. बोलण्यात हा घोळ होत नाही, कारण 'काम केलं' आणि 'प्रयत्न केले' कानाला वेगळे लागतात. म्हणजे बोलीचे रूप इथे अधिक काटेकोर होते, आणि त्याला फक्त पात्रांच्या तोंडी जागा मिळाली.

पण संवाद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या नियमाचा खरा परिणाम वेगळाच झाला. निवेदन एका बाजूला, बोलणे दुसऱ्या बाजूला, अशी रेघ त्याने आखली. रेघेच्या अलीकडे लेखक, पलीकडे सगळी पात्रे. नियमात 'चालेल' होते, छपाईच्या व्यवहारात त्याचे 'असलेच पाहिजे' झाले. समजा एक निवृत्त कारकून आहे. आयुष्यभर टिपणे लिहून तो घरातही 'मी कळवले होते, उत्तर आले नाही' असे बोलतो. मुद्रितशोधकाच्या नजरेला ही विसंगती दिसते. अवतरणचिन्हांत आहे, म्हणजे बोलणे, म्हणजे 'कळवलं होतं'. दोन टिंबे पडतात आणि कारकून त्याच्या सुनेसारखा बोलू लागतो. एकरूपतेची ही दुरुस्ती सद्हेतूने होते आणि अवतरणचिन्हांच्या आत ती चुकीची आहे. 'कळवले' हे रूप त्या माणसाचा आवाज होता. वाक्य जसेच्या तसे ठेवायचे असेल तर हस्तलिखितासोबत 'या पात्राची रूपे बदलू नयेत' अशी टीप देणे हाच त्यावर उपाय, आणि अनुभवी लेखक ती देतात.

पुढच्या काळात दोन गोष्टी झाल्या. ग्रामीण आणि दलित लेखनाने प्रमाण भाषेबाहेरच्या बोली संवादात आणि नंतर निवेदनातही आणल्या. आवाजांचा पल्ला त्यामुळे कितीतरी वाढला. इथे 'बोलीभाषा' या शब्दाने मात्र गोंधळ केला, कारण तो एका प्रदेशाच्या किंवा समाजाच्या बोलीलाही वापरतात आणि नुसत्या अनौपचारिक बोलण्यालाही. 'पात्राला बोलीभाषा दे' असा सल्ला मिळालेला लेखक कधी प्रदेश बदलतो, कधी टिंबे वाढवतो. एका बोलीतली चार माणसेही आपसांत चार तऱ्हांनी बोलतात, हे दोन्ही दुरुस्त्यांत निसटते. दुसरी गोष्ट म्हणजे निवेदनही हळूहळू 'केलं, झालं'कडे सरकले. कथा-कादंबऱ्यांत आणि वृत्तपत्री लेखांत ते आता सर्रास दिसते. त्यामुळे १९६२ची रेघ पुसट झाली आणि टिंबावर भिस्त ठेवणाऱ्या संवादाकडे वेगळे असे काहीच उरले नाही.

दूरचित्रवाणीच्या मालिकांनी तिसरा दाब आणला. तिथे पटकथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, आणि भाग रोज हवा. कालचा भाग न पाहिलेल्या प्रेक्षकाला धागा लागावा म्हणून प्रत्येक पात्राच्या तोंडी माहिती येते, आणि माहिती सांगताना माणसे एकसारखी बोलतात. फेरलेखनाची आजची पद्धत मला इथल्या घाईला मिळालेले उत्तर वाटते. एका पात्राची सगळी वाक्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग काढायची, तेवढीच वाचायची, तेवढीच सुधारायची, आणि मग पुढचे पात्र घ्यायचे. प्रसंगाच्या क्रमाने सुधारत गेले की लेखकाचा कान उत्तर-प्रत्युत्तराच्या लयीत अडकतो आणि सगळ्यांना तीच लय लागते.

एक प्रसंग घेऊ. घर विकण्याचा विषय, थोरला मुलगा, बहीण आणि आई. पहिला खर्डा असा:

थोरला : मला वाटतं, आपण हे घर आता विकायला हवं. छप्पर दर पावसाळ्यात गळतं आणि दुरुस्ती आपल्याला परवडत नाही.
बहीण : मला हे पटत नाही. आपलं सगळं लहानपण या घरात गेलंय आणि तू मला न विचारता निर्णय घेतलास.
आई : तुम्ही दोघं भांडू नका. मला या घरातच राहायचंय, पण तुमच्यावर ओझं व्हायचं नाही.

टिंबे सगळी जागच्या जागी आहेत. तरी नावे झाकली तर फक्त मजकुरावरून ओळख पटते, बोलण्यावरून पटत नाही. प्रत्येकाची दोन-दोन वाक्ये, दुसरे वाक्य जोडलेले, आणि 'मला'ने सुरू करून तिघेही आपले मन थेट उघडे करतात. भांडणात माणसे इतकी सरळ क्वचितच बोलतात.

यावर पहिली दुरुस्ती हमखास फसते. आईला 'बाई गं', बहिणीला 'अरे', थोरल्याला 'बघ' असे एकेक पालुपद चिकटवले जाते. तपासणी सोपी आहे. पालुपद खोडून वाक्य वाचायचे. खाली जुनेच वाक्य निघाले, तर काही बदललेले नाही. उच्चाराप्रमाणे प्रत्येक शब्द वाकडा लिहिणे हीदेखील तीच चूक, आणि वाचक दोन पानांत थकतो. उच्चाराच्या दोन-तीन खुणा पुरतात.

ठरवायचे ते वेगळे. हा माणूस कशाबद्दल बोलणे टाळतो, त्याचे वाक्य किती लांब चालते, आणि तो कोणाला उद्देशून बोलतो. थोरला मनातले काही सांगत नाही, तो फक्त घडलेले मोजतो. बहीण समोरच्याचा शब्द पकडून त्याचा प्रश्न करते. आई विचारलेल्याचे उत्तर देत नाही आणि मुलाशी मुलीच्या मार्फत बोलते.

थोरला : छप्पर गळतंय. मागच्या पावसाळ्यात दुरुस्त केलं, त्याच्या आधी केलं. यंदा पुन्हा. गिऱ्हाईक आहे, रविवारी बघायला येतील.
बहीण : रविवारी? म्हणजे ठरलंच? आणि मला कधी सांगणार होतास, कुलूप लावल्यावर?
आई : मागच्या खोलीची खिडकी लागत नाही गं नीट. ह्याला म्हणावं, रविवारी कोणी येणार असेल तर तेवढी बसवून घे त्याच्याकडून.

टिंबे उलट कमीच झाली, पण 'ठरलंच'मधला 'च' आता फक्त बहिणीचा झाला, आणि समोर बसलेल्या मुलाला 'ह्याला' म्हणणे फक्त आईचे. आईला गिऱ्हाईक कळले नाही की कळूनही तिने त्याला सुतार ठरवले, हे वाचकावर सोडता आले. पहिल्या खर्ड्यात 'मला या घरातच राहायचंय' या वाक्याने ती जागा बुजवून टाकली होती.

यानंतर थोरल्याची वाक्ये सलग वाचायला घेतली की 'मला' हा शब्द खुणेसारखा शोधायचा. सुरुवातीच्या खर्ड्यात तो पानोपानी असतो. फेरलेखनात तो सगळीकडून काढून एकाच ठिकाणी ठेवता येतो, बहीण निघून गेल्यावर, आई खिडकीपाशी उभी असताना. 'मला नाही झेपत आता.' तीन पाने मोजदाद करणाऱ्या माणसाने म्हटलेले हे वाक्य आईला बरोबर ऐकू जाते, आणि प्रसंगात पहिल्यांदाच ती त्याच्याशी थेट बोलते.