डेमोत एकही चूक नव्हती, म्हणूनच रोबोट चुकला

टेबलावर एक लाल लाकडी ठोकळा आहे, साधारण ३ सेंटीमीटरचा, आणि थोड्या अंतरावर एक कप. रोबोटच्या हाताने ठोकळा उचलून कपात टाकायचा, बस एवढंच काम. लहान मूल खेळता खेळता करतं. पण हेच काम प्रोग्राम लिहून करायला गेलात तर ठोकळा कुठेय ते शोधा, कोन मोजा, कुठल्या मोटरला किती अंश फिरवायचं ते काढा, आणि ठोकळा जरा तिरका ठेवला की परत पहिल्यापासून. म्हणून दुसरा रस्ता असा की आपण स्वतः ते काम ५० वेळा करून दाखवायचं आणि मशीनला म्हणायचं, बघ आणि तसंच कर. याला इमिटेशन लर्निंग म्हणतात, म्हणजे सरळ नक्कल. ऐकायला फारच सोपं वाटतं, आणि गंमत म्हणजे सुरुवात खरंच सोपी आहे, फसायला होतं ते नंतर.

दाखवायचं कसं हा पहिला प्रश्न. सध्या सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे रोबोटचे दोन हात, एक लीडर आणि एक फॉलोअर. लीडर तुम्ही हातात धरून हलवता, फॉलोअर त्याच क्षणी तशाच्या तशा हालचाली करतो आणि खरा ठोकळा तोच उचलतो. ६ मोटरचा छोटा हात असेल तर ५ मोटर सांध्यांच्या आणि १ चिमट्याची. हे चालू असताना कॉम्प्युटर सेकंदाला ३० वेळा तीन गोष्टी लिहून ठेवतो: कॅमेऱ्यात काय दिसतंय, फॉलोअरचे सांधे आत्ता कुठे आहेत, आणि आत्ता हुकूम काय दिला गेला. एक डेमो १५ सेकंदांचा धरला तर ४५० नोंदी झाल्या, ५० डेमोंच्या साडेबावीस हजार.

यातली ती तिसरी गोष्ट, हुकूम, ही जरा नीट समजून घ्यायला हवी कारण इथे भलेभले चुकतात. हुकूम म्हणून फॉलोअर जिथे पोचला ती जागा लिहायची नाही, लीडर जिथे होता ती लिहायची. फरक काय पडतो? ठोकळा चिमट्यात धरताना फॉलोअरची बोटं ३ सेंटीमीटरवर अडकतात, मध्ये लाकूड आहे ना. पण लीडरच्या चिमट्यात काहीच नसतं, त्यामुळे तो तुम्ही आणखी दाबू शकता, समजा २ सेंटीमीटरपर्यंत. हा जो १ सेंटीमीटरचा फरक आहे तोच म्हणजे जोर, कारण मोटर तिथे पोचायचा प्रयत्न करत राहते आणि ठोकळा घट्ट धरला जातो. फॉलोअरची जागाच हुकूम म्हणून लिहिलीत तर रोबोट शिकतो की बोटं ३ सेंटीमीटरवर आणायची आणि थांबायचं, म्हणजे ठोकळ्याला नुसता हात लावायचा. मग उचलताना ठोकळा सटकतो आणि माणूस दोन दिवस कॅमेऱ्याला शिव्या घालत बसतो.

पुढचं ट्रेनिंग म्हणजे खरं तर परीक्षेची तयारी. न्यूरल नेटवर्कला फोटो आणि सांध्यांचे कोन दाखवायचे आणि विचारायचं, माणसाने इथे काय हुकूम दिला असेल? उत्तर चुकलं की आतले आकडे थोडे सरकवायचे, असं हजारो वेळा. काही तासांत चूक एकदम कमी होते, ग्राफ मस्त खाली येतो, आणि आपल्याला वाटतं झालं काम.

मग हात सुरू करायचा. हात अगदी आत्मविश्वासाने निघतो, ठोकळ्याच्या १ सेंटीमीटर बाजूला उतरतो, हवेतच चिमटा बंद करतो, काहीही न धरता वर उचलतो, कपापर्यंत जातो आणि तिथे चिमटा उघडून काहीच नसलेलं अलगद आत सोडतो. पहिल्यांदा बघताना हसू आवरत नाही खरं. पण हे का होतं ते पाहिलं तर सगळा विषयच त्यात आहे.

हिशोब करून बघू. समजा मॉडेल, म्हणजे हे शिकलेलं नेटवर्क, इतकं चांगलंय की एका पावलाला, म्हणजे एका हुकुमाला, चुकायची शक्यता हजारात एक. परीक्षेत ९९.९ टक्के म्हणजे पेढेच वाटायचे. पण इथे सलग ४५० पावलं टाकायचीयत, आणि ४५० च्या ४५० बरोबर यायची शक्यता निघते जेमतेम ६४ टक्के. म्हणजे तीनातल्या एका वेळी तरी कुठेतरी छोटी चूक होणारच. साध्या परीक्षेत एक प्रश्न चुकला तर पुढच्या प्रश्नावर परिणाम होत नाही, इथे होतो. हात २ मिलिमीटर सरकला की पुढचा फोटो असा येतो जो डेमोत कधी नव्हताच, त्यावर अंदाज आणखी वाईट, त्याने हात आणखी सरकतो, मग फोटो आणखी अनोळखी. चूक चुकीला वाढवत नेते. आणि हवेत चिमटा बंद झाल्यावर काय करायचं हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं, कारण तुम्ही ५० पैकी ५० वेळा ठोकळा बरोबर उचलला होता! त्याच्या जगात चिमटा बंद झाला की हात वर जातो, एवढंच खरं.

हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी ८० च्या दशकाच्या शेवटी ALVINN नावाचं नेटवर्क केलं होतं, कॅमेऱ्यातून रस्ता बघून गाडीचं स्टिअरिंग वळवणारं. माणूस नेहमी लेनच्या मधोमध चालवतो, मग गाडी कडेला गेली तर परत कसं यायचं हे नेटवर्कला कळणार कुठून? त्यांनी मग कॅमेऱ्याचे फोटोच थोडे सरकवून आणि फिरवून, जणू गाडी भरकटलीय अशी खोटी दृश्यं तयार केली आणि प्रत्येकासोबत परत मध्ये आणणारं स्टिअरिंग जोडलं. पुढे २०११ मध्ये रॉस, गॉर्डन आणि बॅग्नेल यांनी DAgger ही पद्धत मांडली. शिकाऊ मॉडेललाच चालवू द्यायचं, ते जिथे जिथे पोचेल तिथे माणसाने सांगायचं की इथे मी हे केलं असतं, आणि ती नोंद डेटात टाकून परत शिकवायचं. थोडक्यात, विद्यार्थी ज्या खड्ड्यात पडतो त्याच खड्ड्यातून वर येणं दाखवायचं.

टेबलावर याचं साधं रूप असं: आणखी १५-२० डेमो घ्या, पण सुरुवातच चुकीच्या जागेवरून करा. चिमटा ठोकळ्याच्या बाजूला, बंद आणि रिकामा. रेकॉर्डिंग तिथून चालू करा आणि मग चिमटा उघडून, थोडं वर घेऊन, नीट ठोकळ्यावर या. चूक करतानाचा भाग मात्र रेकॉर्ड करायचा नाही, फक्त सावरतानाचा, नाहीतर ते पोरगं आधी चुकायचं आणि मग सावरायचं असं सगळंच इमानदारीत शिकेल.

दुसरा उपाय पावलंच कमी करण्याचा. २०२३ मध्ये ALOHA हे दोन हातांचं सेटअप आलं आणि त्याच्यासोबत ACT नावाची पद्धत, स्टॅनफर्डच्या टोनी झाओ आणि सहकाऱ्यांची. तिथे मॉडेल एका वेळी एकच हुकूम न देता पुढच्या १०० पावलांचा तुकडाच देतं. आपल्या ठोकळ्याच्या कामात ४५० ऐवजी फक्त ५ वेळा निर्णय घ्यावा लागेल, म्हणजे भरकटायच्या जागाच कमी. त्यांनी बहुतेक कामांना ५० च डेमो घेतले होते, आणि बॅटरी खाचेत बसवण्यासारखी नाजूक कामं ८०-९० टक्के वेळा जमली. फुकट मात्र काही नाही. तुकडा चालू असताना हात डोळे मिटून चालतो, मध्येच कुणी ठोकळा सरकवला तर त्याला पत्ताच नसतो. म्हणून दर पावलाला नवा तुकडा मागायचा आणि जुन्या-नव्या तुकड्यांची सरासरी घ्यायची अशीही सोय त्यात आहे, पण मग निर्णय परत वाढले. मला विचाराल तर ठोकळा जागचा हलणार नसेल तर लांब तुकडाच बरा.

आणि सरासरीवरून आठवलं. ठोकळ्यासमोर एक उभी बाटली ठेवा आणि अर्धे डेमो डावीकडून वळसा घालून द्या, अर्धे उजवीकडून. साधं मॉडेल चूक कमीत कमी ठेवायला दोन्हींच्या मधलं उत्तर निवडतं, आणि मध्ये काय आहे? बाटली. डिफ्युजन पॉलिसीसारख्या पद्धती यातला कुठलातरी एकच रस्ता निवडायला शिकतात, पण छोट्या कामात त्याहून सोपं म्हणजे डेमो देणाऱ्याने आधीच ठरवायचं की मी नेहमी डावीकडून जाणार. दोघांनी मिळून डेमो दिले तर हे आधी बोलून घ्या, कारण प्रत्येकाची सवय वेगळी.

आता रोबोट खरंच ठोकळा बघतोय की हालचाल पाठ करून आलाय, हे ओळखायचं कसं? ठोकळा उचलून बाजूला ठेवा आणि हात चालवा. तरीही तो ठराविक जागी जाऊन चिमटा मिटत असेल तर समजायचं पाठांतर झालंय. याचं कारण बहुतेक वेळा हेच की डेमो घेताना ठोकळा दरवेळी जवळपास एकाच जागी ठेवला गेला. टेबलावर पेन्सिलीने १० खुणा करून प्रत्येक खुणेवर ५ डेमो, दरवेळी ठोकळा थोडा फिरवून, असं केलं तर त्याला बघण्यावाचून पर्यायच राहत नाही.

याच्याच जोडीला आणखी एक चोरटी चूक आहे. डेमो देताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाकून बघता, पण रोबोटकडे फक्त कॅमेरा आहे. वरच्या कॅमेऱ्यातून ठोकळा नेमका पकडायच्या क्षणी चिमट्याखाली झाकला जात असेल तर तुम्ही जे बघून हात हलवला ते त्याला दिसतच नाही, मग तो शिकणार काय. म्हणून डेमोच्या वेळी टेबलाकडे न बघता फक्त स्क्रीनवर बघून काम करून बघा. तुम्हालाच जमत नसेल तर त्याला कसं जमेल? अशा वेळी मनगटावर एक छोटा कॅमेरा लावला की बराच फरक पडतो.

शेवटी मोजणी. ट्रेनिंगचा ग्राफ याबाबतीत फारसा कामाचा नाही, ग्राफमध्ये सरस असलेलं मॉडेल टेबलावर मार खातं असं सर्रास होतं, त्यामुळे हात चालवून मोजण्याला पर्याय नाही. त्याच १० खुणांवर दोनदा, म्हणजे २० प्रयत्न, आणि प्रत्येक अपयश कुठल्या खुणेवर, कुठल्या टप्प्यात झालं ते वहीत लिहायचं. एका मॉडेलला २० पैकी १५ आणि दुसऱ्याला १७ मिळाले तर लगेच दुसरं चांगलं म्हणू नका, एवढा फरक नशिबानेही पडतो. पण चुकलेल्या पाचांपैकी चार वेळा ठोकळा टेबलाच्या उजव्या कडेला होता असं दिसलं तर पुढचे १० डेमो कुठे घ्यायचे ते कळलं.