कमी सोडियमचं मीठ किडनीच्या रुग्णाला का चालत नाही?

रक्तदाब वाढला की मीठ कमी करायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच्या जोडीला आहारातलं पोटॅशियम वाढवलं तर दाब आणखी उतरतो, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. फळं, भाज्या, कडधान्यं, बटाटा आणि दूध यांतून पोटॅशियम मिळतं. प्रौढांच्या आहारात ते दिवसाला निदान ३,५१० मिलिग्रॅम असावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ते साधारण ४०० मिलिग्रॅम असतं.

पोटॅशियमने दाब उतरतो तो किडनीतल्या एका यंत्रणेमुळे. किडनी रक्त गाळते, आणि गाळलेला द्रव सूक्ष्म नलिकांतून पुढे सरकत असताना शरीराला हवं ते परत शोषून घेते. या नलिकांच्या एका टप्प्यावर सोडियम परत ओढणारी प्रथिनं असतात. रक्तात पोटॅशियम कमी पडलं की ती जोमाने काम करतात, सोडियम शरीरातच राहतं, त्याच्यामागून पाणीही राहतं आणि दाब वाढतो. पोटॅशियम भरपूर मिळालं की ती मंदावतात आणि सोडियम लघवीवाटे निघून जातं.

म्हणूनच सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ निघालं. चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड सुमारे एक चतुर्थांश होतं, आणि ते वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. पण किडनीचा गंभीर आजार असल्याचं माहीत असलेल्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. माझ्या मते ही गोष्ट त्या १४ टक्क्यांइतक्याच ठळकपणे सांगायला हवी.

कारण पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचं जवळपास सगळं काम किडनीचं आहे. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढंच असतं आणि हृदयाचे ठोके या अरुंद पट्ट्यावर अवलंबून असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साठीतल्या एका गृहस्थांना मधुमेह आहे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि किडनीची गाळणक्षमता, म्हणजे रिपोर्टमधला ईजीएफआर, घसरून २५ पर्यंत आला आहे. दाब उतरावा म्हणून ते निम्मं पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ आणतात आणि दिवसाला पाच ग्रॅम वापरतात. त्यातलं अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, आणि त्याच्या वजनात निम्म्याहून थोडं जास्त पोटॅशियम. म्हणजे रोज सुमारे १,३०० मिलिग्रॅम, तीन केळ्यांइतकी भर. मिलिमोलमध्ये ती ३३ होते, आणि पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून पोटॅशियम असतं जेमतेम ६०-७० मिलिमोल.

निरोगी माणसात आलेलं पोटॅशियम आधी इन्सुलिनच्या मदतीने पेशींत शिरतं आणि मग काही तासांत लघवीवाटे जातं. या गृहस्थांच्या दोन्ही वाटा अडलेल्या आहेत. मधुमेहामुळे पहिली कमजोर आहे. दुसरी किडनीमुळे अरुंद झाली आहे, आणि किडनीला पोटॅशियम बाहेर टाकायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रमाण टेल्मिसार्टन घटवत असल्यामुळे ती आणखी आखडते. रामिप्रिल, लोसार्टन, स्पिरोनोलॅक्टोन यांचाही परिणाम याच दिशेने होतो. तरीही ही औषधं आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण किडनी आणि हृदय जपण्यासाठीच ती दिलेली असतात. बदलायचं आहे ते मीठ.

वाढलेलं पोटॅशियम बहुधा जाणवतच नाही. क्वचित स्नायूंत अशक्तपणा येतो किंवा ठोके अनियमित होतात, पण काही वेळा पहिलं लक्षण थेट हृदय बंद पडणं हेच असतं. म्हणून रक्ततपासणीवरच भिस्त ठेवावी लागते. आकडा ६.५ च्या वर गेला तर ती तातडीची वेळ असते. रक्त घेताना पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम नमुन्यात उतरून खोटा आकडाही येतो. अशा वेळी डॉक्टर ईसीजी काढून लगेच पुन्हा तपासणी करतात.

याचा अर्थ किडनीच्या प्रत्येक रुग्णाने फळं सोडावीत असा नाही. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि रक्तातलं पोटॅशियम नेहमीच्या मर्यादेत असेल, तर फळं-भाज्या त्यालाही उपयोगी पडतात. पथ्य लागतं ते आकडा वाढू लागल्यावर. तेव्हाही बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकलं की त्यातलं बरंच पोटॅशियम निघून जातं. मिठातल्या पोटॅशियमला अशी पळवाट नाही. त्यामुळे रक्तदाब असलेल्या कुणीही हे मीठ सुरू करण्याआधी किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्यावं, कारण किडनीचा आजार बराच काळ लक्षणांशिवाय असतो.