कूस बदलण्याचा तक्ता आणि त्यातला त्वचेचा रकाना

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या खाटेशेजारी दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद करणारा तक्ता लावलेला असतो, तेव्हा बहुतेक घरांमध्ये लक्ष राहते ते वेळ आणि स्थिती या दोनच रकान्यांकडे. सकाळी दहा वाजता उताणे, बारा वाजता उजव्या कुशीवर, दोन वाजता डाव्या कुशीवर, अशा नोंदी नीट भरल्या गेल्या की काम झाले असे वाटते. त्यापुढचा त्वचेचा रकाना एक तर रिकामा राहतो, नाही तर त्यात वरपासून खालपर्यंत ‘ठीक’ हा एकच शब्द दिसतो. रुग्ण घरी आल्यानंतरची शुश्रूषा करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे, आणि माझ्या मते तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना हाच आहे, कारण दोन तासांचा नियम या रुग्णाला पुरतो की नाही, हे फक्त तिथेच कळते.

त्यासाठी आधी, एकाच स्थितीत पडून राहिल्याने अंगाला होणारी जखम कशी होते ते पाहावे लागते. माकडहाड, टाच, खुबा, घोटा आणि डोक्याची मागची बाजू अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांसाचा अगदी पातळ थर असतो. शरीराचा भार तिथे पडला की त्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि पेशी उपाशी राहू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत हलतो, त्यामुळे हा दाब फार वेळ एका जागी टिकत नाही. अर्धांगवायू झालेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या रुग्णात ही हालचाल थांबते, आणि संवेदना गेली असेल तर ‘दुखते आहे’ ही सूचनाही मिळत नाही. स्नायू त्वचेपेक्षा नाजूक असल्यामुळे इजा पुष्कळदा हाडालगत, खोलवर सुरू होते. वरची त्वचा अखंड दिसत असताना आत नुकसान होऊन गेलेले असू शकते. म्हणूनच २०१६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने ‘दाबामुळे होणारा व्रण’ हे नाव बदलून ‘दाबामुळे होणारी इजा’ असे केले. पहिल्या टप्प्यात व्रण असतच नाही. आपल्याकडे रूढ असलेला ‘बेडसोर’ हा शब्दही उघडी जखमच डोळ्यांसमोर आणतो, आणि ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग दोन तासच का? १९५९ साली मायकेल कोसियाक यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की दाब जास्त असेल तर इजेला थोडा वेळ पुरतो, दाब कमी असेल तर जास्त वेळ लागतो, आणि मध्यम दाब सलग दोन तासांहून अधिक टिकला की ऊतींमध्ये बदल दिसू लागतात. १९६२ साली लंडनमध्ये डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि वरचेवर कूस बदलण्याच्या पद्धतीला आधार मिळाला. दोन तास हा आकडा अशा वाटेने रुळला. तो सुरुवात करण्यासाठी चांगला आहे, पण प्रत्येक शरीराला लागू पडणारी ती सीमारेषा नव्हे. हाडे वर आलेल्या, ताप असलेल्या, रक्तदाब घसरलेल्या रुग्णाची त्वचा दोन तासांच्या आतच तक्रार करू लागते.

ही तक्रार वाचायची कशी, हे एका घरातल्या तक्त्यावरून सांगते. रुग्ण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. अर्धांगवायूमुळे त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती आणि वजन जेमतेम एक्केचाळीस किलो उरले होते. सूनबाई आणि दिवसा येणाऱ्या मावशी मिळून तक्ता भरत. क्रम डावी कूस, उताणे, उजवी कूस असा फिरता होता आणि उताण्या स्थितीची पाळी सकाळी दहाला, दुपारी चारला, रात्री दहाला आणि पहाटे चारला येत असे. त्वचेच्या रकान्यात काय लिहायचे ते मी त्यांना आधी दाखवले होते. कूस बदलल्यावर पाहायची ती नुकती मोकळी झालेली जागा. उताण्या स्थितीतून उठवल्यावर माकडहाड, टाचा आणि डोक्याची मागची बाजू पाहायची. उजव्या कुशीवरून वळवल्यावर उजवा खुबा, उजवा घोटा आणि उजवा कान.

मोकळ्या झालेल्या जागी थोडी लाली येणे स्वाभाविक असते, कारण अडलेले रक्त पुन्हा जोराने धावून येते. त्या जागी बोट तीन सेकंद दाबून उचलले आणि बोटाखालचा भाग क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला, तर रक्तप्रवाह चालू आहे. बोट उचलल्यावरही लाली तशीच राहिली, तर तो इजेचा पहिला टप्पा होय. मात्र आपल्या सावळ्या वर्णावर ही परीक्षा अनेकदा फसते, कारण लाली दिसतच नाही आणि फिकेपणाही कळत नाही. अशा वेळी दिवसाच्या उजेडात किंवा टॉर्च लावून ती जागा शेजारच्या त्वचेशी ताडून पाहावी. ती अधिक काळपट किंवा जांभळट दिसते का? तळहाताची मागची बाजू लावली तर शेजारपेक्षा गरम किंवा गार लागते का? बोटाने चाचपल्यावर घट्ट लागते की भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागते? तिथे हात लागताच रुग्ण कण्हतो का? ‘ठीक’ या शब्दाऐवजी या प्रश्नांची उत्तरे जागेच्या नावासह लिहिली, तरच रकाना कामाचा होतो.

आजींच्या तक्त्यात चौथ्या दिवसापासून एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. दुपारी बारा वाजता, म्हणजे दोन तास उताणे झोपल्यानंतर, नोंद होती: ‘माकडहाड किंचित लाल, पंधरा मिनिटांत गेले.’ दुपारी दोन वाजता, उजव्या कुशीवरून वळवल्यावर, नोंद होती: ‘खुबा ठीक. माकडहाड काळपट, गरम, घट्ट.’ लागोपाठ तीन दिवस असेच होते. सूनबाईंनी मला विचारले, “सिस्टर, रात्री पाठीवर झोपतात तेव्हा काही होत नाही. मग दुपारी कुशीवर असताना पाठीला का होतं?”

प्रश्न अगदी अचूक होता. स्थितीचा रकाना एक सांगत होता आणि त्वचेचा दुसरे, आणि अशा वेळी मी त्वचेवर विश्वास ठेवते. मी दुपारी तिथे जाऊन बसले तेव्हा उलगडा झाला. बारा वाजता आजींना उजव्या कुशीवर वळवले जाई, पण साडेबाराला जेवणासाठी पाठीमागे तीन उशा लावून बसते केले जाई. भरवायला अर्धा तास लागे, आणि घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून जेवणानंतर आणखी अर्धा तास त्या तशाच बसत. दीड वाजता पुन्हा उजव्या कुशीवर. तक्त्यात मात्र बारा ते दोन ‘उजवी कूस’ एवढेच होते. म्हणजे दहा ते बारा भार सोसलेल्या माकडहाडाला अर्ध्या तासाची उसंत मिळून लगेच आणखी तासभर भार येत होता.

शिवाय बसण्याचा भार झोपण्याच्या भारापेक्षा वाईट होता. उशांना टेकलेल्या आजी हळूहळू पायथ्याकडे घसरत. अशा वेळी त्वचा चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड खाली सरकते; मधल्या थरातल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, मुरडतात, आणि नुसत्या दाबाने बंद होतील त्याहून लवकर बंद होतात. घसरलेल्या आजींना मावशी काखेत हात घालून वर ओढत, तेव्हा त्याच त्वचेवर आणखी एकदा घासण होत असे.

उपाय साधेच होते. जेवणाचा तास तक्त्यात ‘बसलेल्या, भार माकडहाडावर’ असा स्वतंत्र लिहायचा आणि तो उताण्या स्थितीत धरायचा. आजींना पाठीमागून उठवण्याआधी गुडघ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे घसरण थांबते. वर सरकवायचे तर कमरेखाली आडवी घडी घातलेली चादर दोघींनी दोन बाजूंनी धरून, उचलून सरकवायचे, ओढायचे नाही. आणि ती जागा पूर्ववत होईपर्यंत जेवणाव्यतिरिक्त उताणी स्थिती बंद. कुशीवर झोपवतानाही पूर्ण आडवे करायचे नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो. पाठीमागे उशी देऊन शरीर साधारण तीस अंश कलते ठेवले की माकडहाड आणि खुबा दोन्ही सुटतात. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली लांबट उशी दिली आणि टाचेखालून हात सहज फिरतो का, हे पाहणेही त्याच रकान्यात आले. दुसऱ्या दिवशी उष्णता गेली, चौथ्या दिवशी घट्टपणा गेला, आणि काळपट रंग उतरायला आठवडा लागला. त्वचा कुठेही फाटली नाही.

याच घरात, मी येण्याआधी, मावशी माकडहाडावर स्पिरिट आणि पावडर लावून जोरात चोळत असत. ही जुनी पद्धत पुष्कळ ठिकाणी अजून चालते, आणि ती मायेने केली जाते हे मला ठाऊक आहे, पण लाल झालेल्या जागी चोळल्याने आतल्या दुबळ्या झालेल्या ऊती फाटतात. कमरेखाली द्यायची गोल भोकाची उशीही तशीच: मधली जागा मोकळी होते, पण कडेवर दाब वाढून मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी तुटतो.

तक्ता खोटा कसा होतो, तेही सांगायला हवे. बारा, दोन, चार, सहा अशा ठोक वेळा, एकाच पेनने, एकाच वळणात लिहिलेल्या दिसल्या, की तो दिवसाअखेरीस एका बैठकीत भरला आहे हे ओळखू येते. खऱ्या तक्त्यात बारा वाजून दहा, दोन वाजून पंचवीस अशा वेळा असतात आणि एखादी पाळी चुकलेलीही असते. चुकलेली पाळी कोरी ठेवावी, भरून काढू नये. त्यानंतरच्या नोंदीत त्वचेने काय दाखवले ते मग नेमके जोडता येते. फोड आला, साल निघाली किंवा न पुसला जाणारा जांभळा डाग दिसला, तर मात्र तक्त्यात लिहून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

राहिला रात्रीचा प्रश्न, जो प्रत्येक घरात निघतो, कारण दर दोन तासांनी उठणारी सून किंवा मुलगी पंधरा दिवसांत स्वतःच आजारी पडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांमधल्या मोठ्या अभ्यासात, चांगल्या घनतेच्या फोमच्या गादीवर झोपणाऱ्या वृद्धांची कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली, तरी इजेच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. पण तिथे गाद्या चांगल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्वचा पाहिली जात होती. कापसाच्या जुन्या गादीला हा निष्कर्ष लावता येत नाही. आजींसाठी आम्ही फोमची गादी आणली, माकडहाड पूर्ववत झाल्यावर सलग पाच दिवस त्वचेच्या सगळ्या नोंदी स्वच्छ येऊ दिल्या, आणि मग डॉक्टरांच्या संमतीने रात्रीपुरते अंतर तीन तास केले. पहिले तीन दिवस पहाटेच्या पाळीला सूनबाई टॉर्च घेऊन माकडहाड, दोन्ही खुबे आणि टाचा पाहत. चौथ्या पहाटे डाव्या घोट्यावर गरमपणा लागला, तेव्हा अंतर कमी करण्याआधी त्यांनी दोन पायांमधली उशी तपासली. ती घसरून गुडघ्यापर्यंत आली होती. उशी घोट्यापर्यंत पोचेल अशी लांब घेतली, आणि त्यानंतर तीन तासांचे अंतर टिकले.