फ्री थ्रोमधले 8 मिलिमीटर

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो चुकला की मैदानाबाहेरून पहिला सल्ला येतो, "जोरात मार!" चेंडू रिंगच्या डावीकडे गेला असेल, तर हा सल्ला निरुपयोगी आहे. आखूड-लांब चुकणे आणि डावी-उजवीकडे चुकणे यांची कारणे वेगळी असतात. त्यातली दुसरी चूक शाळकरी खेळाडूला बरीचशी सुधारता येते, म्हणून आधी तीच पाहू.

रिंगचा आतला व्यास सुमारे 45 सेंटिमीटर असतो आणि 7 नंबरच्या चेंडूचा सुमारे 24. चेंडू अगदी मधोमध गेला, तर दोन्ही बाजूंना साडेदहा सेंटिमीटर जागा उरते. हातातून सुटल्यावर रिंगच्या मध्यापर्यंत तो आडवा जवळपास 4 मीटर जातो. म्हणजे दिशा दीड अंशापेक्षा जास्त चुकली, की चेंडू रिंगच्या कडेला लागणारच. फेकीच्या शेवटच्या 30 सेंटिमीटरमध्ये हात 8 मिलिमीटर बाजूला सरकला, तरी एवढी चूक होते.

हे 8 मिलिमीटर सांभाळायचे काम कोपर करते. कोपर रिंगच्या रेषेत, चेंडूच्या खाली असेल, तर हात सरळ होताना चेंडू पुढे आणि वर एवढाच जातो. कोपर बाहेर फाकले असेल, तर सरळ होताना हात तिरका फिरतो. मग उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू बहुधा डावीकडे जातो.

पण "कोपर आत घे" एवढे सांगून भागत नाही. दोन्ही पाय बोर्डाकडे अगदी काटकोनात ठेवून कोपर आत ओढले, की खांदा आखडतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला कोपर पुन्हा बाहेर येते. उपाय पायांत आहे. फ्री थ्रोची रेषा 3.60 मीटर लांब असते. टेपने 1.80 मीटरवर खडूची खूण करा. उजव्या हाताच्या खेळाडूने उजव्या पायाचा अंगठा त्या खुणेमागे, रेषेला न लागता ठेवावा, डावा पाय खांद्याइतक्या अंतरावर आणि किंचित मागे. पावले थोडी डावीकडे वळू द्यावीत. आता उजवा नितंब, खांदा, कोपर आणि रिंग आपोआप एका रेषेत येतात.

कोपर फाकण्याचे आणखी एक कारण म्हणजे ताकद कमी पडणे. लहान मुले चेंडू छातीपासून ढकलतात तेव्हा जोर मिळवण्यासाठीच कोपर उघडते. अशा वेळी त्यांना रागावून उपयोग नाही. 3 मीटरवर उभे करा आणि जोर गुडघ्यांतून काढायला शिकवा: गुडघे थोडे वाकवायचे, वजन पंजांच्या पुढच्या भागावर घ्यायचे आणि पाय सरळ होत असतानाच चेंडू वर न्यायचा. पाय आधी सरळ होऊन थांबले, तर तो जोर वाया जातो आणि चेंडू आखूड पडतो. फेकीनंतर खेळाडू पुढे पडत असेल तर तोल पंजांच्या पुढे किंवा कंबरेतून गेलेला असतो. शिवाय चेंडू रिंगला लागण्याआधी पाय रेषेला लागला, तर गुण बाद होतो.

चेंडू हातातून सुटल्यावर हाताचा त्याच्याशी संबंध संपतो. मग फॉलो-थ्रू कशासाठी? हात लगेच मागे घ्यायची सवय असेल, तर मेंदू हाताला चेंडू सुटण्याआधीच थांबवायला लागतो आणि वेग दर वेळी वेगळा पडतो. शिवाय थांबलेला हात पुरावा असतो. चेंडू रिंगला लागेपर्यंत हात वरच ठेवा: कोपर डोळ्यांच्या वर, मनगट सैल खाली वाकलेले, मधली बोटे रिंगकडे.

समजा, 160 सेंटिमीटर उंचीच्या उजव्या हाताच्या मुलीने 10 फेकी केल्या. 4 आत गेल्या, 4 उजवीकडे चुकल्या, 2 आखूड पडल्या. तिचे कोपर सरळ दिसते, मग उजवीकडे का? चेंडूच्या शिवणी पाहा. बोटे शिवणीवर आडवी ठेवून फेकल्यास शिवणी सरळ मागे फिरताना दिसायला हव्यात. हिच्या शिवणी तिरक्या फिरतात, कारण आधाराच्या डाव्या हाताचा अंगठा शेवटी चेंडूला ढकलतो. 3 मीटरवरून फक्त उजव्या हाताने 20 फेकी करायच्या. त्या सरळ गेल्या तर दोष डाव्या हाताचाच. मग डावा हात बाजूला ठेवायचा, पण अंगठा चेंडूपासून सुटा. आखूड पडलेल्या दोन फेकी गुडघ्यांच्या खात्यात जातात, त्यासाठी हात बदलू नये.

आंतरराष्ट्रीय नियमांत पंचांनी चेंडू दिल्यावर 5 सेकंद मिळतात. त्यात बसेल असा क्रम ठरवा: पाय खुणेवर, दोन ड्रिबल, शिवणीवर बोटे, एक श्वास सोडून सुमारे एक सेकंद रिंगवर नजर, मग फेक. ड्रिबल दोन की तीन, याने फरक पडत नाही. सरावातला आणि सामन्यातला आकडा मात्र एकच हवा. पळून दमल्यावर प्रत्येकी दोनच फेकी मारून हाच क्रम तपासा, कारण सामन्यात सलग पन्नास फेकी कधीच मिळत नाहीत.