वर्गवृत्तपत्र आणि शालेय बातमीपत्र

वर्गवृत्तपत्र म्हणजे साधारण पाचवी ते आठवीच्या एका वर्गाने स्वतः बातम्या शोधून, माणसांना भेटून, लिहून काढलेले शाळेचे छोटे वृत्तपत्र. तेच परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून वाचले किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकवले, की त्याला शाळेत ‘आमचा रेडिओ’ म्हणतात. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित हे याचे जुने भाऊबंद. फरक असा की त्यांत कविता, निबंध, कोडी आणि चित्रे चालतात. वर्गवृत्तपत्रात ‘हे तुला कोणी सांगितले?’ या प्रश्नाला उत्तर असावे लागते.

पुण्यातल्या मुलांना या कल्पनेची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी याच शहरात निघाला, ‘सकाळ’ १९३२ साली. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ पासून आहे, आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या कानावर पडत असताना डबा भरणारी घरे अजून आहेत. शाळेत तर परिपाठात सुविचार, दिनविशेष आणि ‘आजच्या ठळक बातम्या’ रोजच असतात. मात्र त्या बातम्या घरच्या वर्तमानपत्रातून उतरवलेल्या असतात. शाळेची स्वतःची बातमी त्यांत नसते, आणि असली तर ‘वार्षिक स्नेहसंमेलन मोठ्या उत्साहात संपन्न’ अशी असते. या एका वाक्याने मराठी शालेय पत्रकारितेचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे शाईच्या तुटवड्यानेही केले नसेल. पाहुण्यांचे स्वागत गुलाबपुष्प देऊन झाले, हे वाचून कोणालाही काहीही नवे कळत नाही.

‘रेडिओ’ या शब्दाबाबत एक खुलासा हवा. शाळेच्या आवारात स्पीकरवर वाचलेल्या बातमीपत्राला प्रसारणाचा परवाना लागत नाही, कारण ते प्रसारणच नव्हे. एफएम लहरींवर जायचे तर सामुदायिक रेडिओचे केंद्र लागते. पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ ही त्याची उदाहरणे. पण सामुदायिक केंद्रांना स्वतः गोळा केलेल्या बातम्या देण्याची मुभा धोरणातच नाही. तिथे मुलांच्या गप्पा, मुलाखती आणि कार्यक्रम होऊ शकतात. शाळेच्या बातम्यांसाठी मात्र जिन्याखालचा माइकच बरा.

मुलाखत : एका बातमीची वाटचाल

प्रकल्पाचा जीव मुलाखतीत असतो आणि तो बहुधा तिथेच जातो. मुले दहा प्रश्न लिहून नेतात, ते ओळीने विचारतात, उत्तरे उतरवतात आणि आभार मानून परततात. ‘तुम्हाला कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘छान वाटते’ एवढेच उत्तर येते. कामाचा असतो तो दुसरा प्रश्न, म्हणजे आलेल्या उत्तरातून निघालेला प्रतिप्रश्न. तो आधी लिहून नेता येत नाही. ही गोष्ट एका उदाहरणावर नीट दिसते.

समजा, पेठेतली दोन सत्रांची शाळा आहे. दुपारच्या सत्रातल्या सातवीच्या वर्गात एक मुलगी सांगते, ‘मधल्या सुट्टीत नळाला पाणीच नसते.’ लगेच मथळा तयार होतो : ‘शाळेत भीषण पाणीटंचाई, विद्यार्थ्यांचे हाल.’ बाई विचारतात, रोज नसते की कधी कधी? किती नळ? पाहिले कोणी? वर्गात शांतता. तेव्हा दोघे शिपाईमामांकडे जातात.

‘मामा, मधल्या सुट्टीत पाणी का नसतं?’

‘असतं की. तुम्ही पोरं नळ उघडे टाकता, मग संपतं.’

कच्चा बातमीदार इथे वही मिटतो आणि ‘विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणामुळे पाणी वाया’ असे लिहितो. जरा तयारीचा विचारतो :

‘वरची टाकी तुम्ही कधी भरता?’

‘सकाळी साडेसहाला मोटार लावतो. परत बाराला, दुपारच्या शाळेसाठी.’

‘रोज बाराला?’

‘रोजच. बँकेत जायचं असलं तर राहतं कधी.’

‘बँकेत कधी जावं लागतं?’

‘मंगळवारी. कधी गुरुवारी.’

बातमी या शेवटच्या दोन उत्तरांत आहे, पण अजून ती बातमी झालेली नाही. मामांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे का, हे नळाशी उभे राहून पाहावे लागते. सोमवार ते शुक्रवार, तीन ते तीन-वीस या मधल्या सुट्टीत दोन मुले चार नळांची नोंद ठेवतात. मंगळवारी एक लिहितो ‘चारही कोरडे’, दुसरी लिहिते ‘तीन कोरडे’. भांडण होते. दोघांपैकी कोणीही खोटे लिहिलेले नसते : तिने तीन वाजून दोन मिनिटांनी पाहिले, तेव्हा चौथ्या नळाला धार होती; त्याने तीन-दहाला पाहिले. त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायचे ठरते. आठवड्याअखेर हिशेब असा निघतो : मंगळवारी आणि गुरुवारी पाणी संपले, उरलेले तीन दिवस पुरले. मामांच्या बँकेच्या वारांशी हे तंतोतंत जुळते आणि वर्गात टाळ्या पडतात.

नेमकी इथे चूक होऊ शकते. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे असले की महापालिका बहुधा गुरुवार निवडते आणि तशी सूचना आदल्या एक-दोन दिवशी वर्तमानपत्रांत येते. एखाद्या मुलाने घरच्या रद्दीतून त्या आठवड्याचा अंक काढला आणि त्यात पेठांचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद असल्याची सूचना सापडली, तर अर्धा सिद्धान्त कोसळतो. मग मामांना पुन्हा भेटावे लागते. ते सांगतात, ‘गुरुवारी मी इथंच होतो. मोटार लावली होती, पण खालच्या हौदातच पाणी नव्हतं.’ म्हणजे दोन कोरड्या दिवसांची कारणे दोन. ती एकत्र बांधून छापली असती तर वाचायला बातमी चोख, पण खोटी.

यानंतर पर्यवेक्षिका बाईंना विचारायचे की मंगळवारची सोय काय. मुलाखतीचा हा टप्पा मुले टाळतात, कारण मोठ्यांना विचारायला भीती वाटते. पण तो नसेल तर बातमी एकतर्फी राहते. छापायची बातमी मग अशी उतरते :

‘गेल्या आठवड्यातील पाच दिवसांपैकी दोन दिवस मधल्या सुट्टीत शाळेतील चारही नळ कोरडे पडले. गुरुवारी पेठांचा पाणीपुरवठा महापालिकेने बंद ठेवला होता. मंगळवारी दुपारी टाकी भरण्याची मोटार लावली गेली नाही. हे काम एकाच कर्मचाऱ्याकडे असून त्या वेळी ते शाळेच्या कामासाठी बँकेत गेले होते. यापुढे त्यांच्या गैरहजेरीत सुरक्षारक्षक मोटार लावतील, असे पर्यवेक्षिकांनी सांगितले.’

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याची घडण मुद्दाम पाहावी. ‘मामा मोटार लावायला विसरले’ हे लिहायला सोपे होते आणि मामांनी तशी जवळजवळ कबुलीही दिली होती. पण ज्याच्या एका वाक्यावर बातमी उभी राहिली त्याच्याच माथी दोष मारला, तर पुढच्या वेळी तो माणूस मुलांशी बोलणार नाही; शिवाय ते खरेही नाही, कारण अडचण एकट्या माणसावर टाकलेल्या दोन कामांची आहे. म्हणून त्यांचे म्हणणे छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवतात. त्यांना शब्द बदलून हवा असेल तर बदलायचा. आकडा बदलून हवा असेल तर पुन्हा तपासायचा.

कागद आणि आवाज

छापील अंकासाठी ए-३ आकाराचा एक कागद दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करून मधोमध दुमडला की चार पाने होतात. यात हमखास होणारा घोटाळा पानांच्या जागांचा : एका बाजूला डावीकडे चौथे आणि उजवीकडे पहिले पान येते, दुसऱ्या बाजूला दुसरे आणि तिसरे. आधी कोरा कागद दुमडून त्यावर आकडे टाकले की अप्पा बळवंत चौकातली दुसरी फेरी वाचते. हाताने लिहायचे तर काळे जेल पेन घ्यावे, कारण निळी शाई झेरॉक्समध्ये फिकी पडते.

ऐकवायच्या बातमीला वेगळे लिहावे लागते. वरची बातमी जशीच्या तशी वाचली तर ‘गैरहजेरीत सुरक्षारक्षक’ येथे वाचणाऱ्याचा श्वास अडतो आणि ऐकणाऱ्याचा धागा सुटतो. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. म्हणून वाक्ये लहान करतात : ‘मंगळवारी नळ कोरडे होते. गुरुवारीही कोरडे होते. पण दोन्ही दिवसांची कारणे वेगळी आहेत.’ आकडे अक्षरी लिहितात. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द ही वाचनाची बरी गती. मुले घाबरली की याच्या दीडपट वेगाने पळतात. पाच मिनिटांच्या बातमीपत्रात त्यामुळे तीन बातम्या आणि एक मुलाखतीचा तुकडा एवढेच नीट बसते.

ध्वनिमुद्रणासाठी फोन तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरतात; समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फुत्कार होतो. रिकामा वर्ग शांत वाटतो खरा, पण त्यात आवाज घुमतो. पुस्तकांच्या कपाटांनी भरलेले ग्रंथालय बरे. मामांचा आवाज मात्र नळापाशीच घ्यावा, मागे बादलीत पडणाऱ्या पाण्यासकट. मुलाखत संपल्यावर कोणी न बोलता पंधरा-वीस सेकंद तिथलाच आवाज टिपून ठेवला, तर पुढे दोन तुकडे जोडताना सांधा ऐकू येत नाही.

मर्यादा

मुख्याध्यापकांनी अंक आधी वाचणे हे शाळेत गृहीतच असते. प्रश्न ते काय गाळतात हा. मुलांचे गुण, घरची परिस्थिती, शिक्षा झालेल्याचे नाव गाळणे योग्यच, आणि छायाचित्रासाठी पालकांची संमती लागते. नळाची बातमी गाळली आणि गुलाबपुष्पांची ठेवली, तर मुले पुढच्या अंकापासून काय लिहायचे ते स्वतःच ओळखतात. दुसरी मर्यादा अधिक छुपी : मोठ्यांनी लिहून दिलेली बातमी. ती ओळखायला ‘मान्यवर’, ‘बहुमोल मार्गदर्शन’ आणि ‘सूत्रसंचालन’ हे तीन शब्द पुरेत. सातवीतले मूल आपणहून ‘बहुमोल’ म्हणत नाही. बातमीदाराची वही मागून पाहिली की शंका फिटते : तिथे खाडाखोड, वेळा आणि अर्धवट वाक्ये असतील तर बातमी त्याची.

या वह्या निदान पुढचा अंक निघेपर्यंत जपतात, कारण चुका नंतरच कळतात. चूक-दुरुस्ती ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर छापतात. रेडिओवर ती त्याच वाराला, त्याच वेळी, शक्यतो त्याच मुलाच्या आवाजात वाचली जाते.