दिवस पकडायचा नाही, खुडायचा

परवा एका जिमच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत ‘कार्पे दिएम’ रंगवलेलं पाहिलं. खाली मराठीत अर्थ होता : ‘आजचा दिवस तुझा, झडप घाल!’ हा अर्थ इंग्रजीतून आला आहे. लॅटिनमध्ये त्यात झडप नाही.

‘कार्पेरे’ हे क्रियापद रोमन लोक फूल, फळ, गवत, लोकर यांच्यासाठी वापरत. मेथीची जुडी घेऊन बसल्यावर आपण कोवळा शेंडा दोन बोटांत धरून अलगद तोडतो, ते ‘कार्पेरे’. त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, खुडणे. भाषाशास्त्रज्ञ या धातूचं नातं आपल्या ‘कृपाण’ शब्दाशी आणि इंग्रजीतल्या ‘हार्वेस्ट’शी जोडतात. कापणं, काढणं हा त्या सगळ्यांचा गाभा.

पण मग क्रियापद तेच राहून अर्थ कसा सरकला? शब्दाला अर्थ शेजाऱ्यांकडून मिळतो, आणि इथे शेजारीच गेले. हे शब्द रोमन कवी होरेसच्या एका कवितेतले. ती आठच ओळींची, इसवी सनापूर्वी २३ च्या सुमाराची. तो ल्यूकोनोई नावाच्या स्त्रीला सांगतो : आपला शेवट कधी आहे हे विचारू नकोस, बाबिलोनी आकडेमोडीच्या नादी लागू नकोस. ही आकडेमोड म्हणजे ज्योतिष. दोन हजार वर्षांनंतरही पत्रिका घेऊन फिरणाऱ्यांना हेच सांगावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढे तो म्हणतो, वाइन गाळून घे, आणि लांबलेली आशा छाटून आखूड कर. छाटणी हा द्राक्षमळ्यातला शब्द. त्याला लागूनच शेवटची ओळ येते : ‘कार्पे दिएम, क्वाम मिनिमुम क्रेदुला पोस्तेरो’. आजचा दिवस खुडून घे, उद्यावर शक्य तितका कमी विश्वास ठेव. गाळणं, छाटणं, खुडणं अशी ही ओळीने मळ्यातली कामं आहेत. त्यातले दोन शब्द उचलून भिंतीवर लावले, की मळा मागे राहतो आणि ‘कार्पे’ला कुठलाही जोरकस अर्थ चिकटू शकतो.

‘क्विड प्रो क्वो’ या दुसऱ्या लॅटिन शब्दप्रयोगाचं मूळ असंच औषधाच्या दुकानात मागे राहिलं. शब्दशः अर्थ ‘याच्या जागी ते’. जुन्या युरोपात औषधविक्रेता एखादी वनस्पती नसली की दुसरी द्यायचा, कधी चुकून, कधी जाणूनबुजून. त्या बदलाला हे नाव होतं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिशमध्ये आजही त्याचा अर्थ गैरसमज, एकाला दुसरा समजणं. इंग्रजीत मात्र वकिलांच्या हाती पडून तो ‘तू दे, मी देतो’ असा व्यवहार झाला. या देवघेवीसाठी रोमन लोकांकडे वेगळाच शब्दप्रयोग होता : ‘दो उत देस’, तू द्यावंस म्हणून मी देतो. तैत्तिरीय संहितेतलं ‘देहि मे ददामि ते’ आठवा. ‘दो’ आणि ‘ददामि’ हे एकाच धातूचे आहेत.